दूध किती तापून बाहेर येईल?

डेअरीत कच्चे दूध ४ अंशांवर येते. पाश्चरायझेशनसाठी ते ७२ अंशांना १५ सेकंद ठेवायचे आणि पुन्हा थंड करायचे. आधी तापवा, मग थंड करा, हा दुहेरी खर्च वाचवायला स्टीलच्या पन्हळी प्लेट्सच्या एका बाजूने गरम दूध आणि दुसऱ्या बाजूने, उलट दिशेने, थंड दूध सोडतात. या भागाला रिजनरेशन म्हणतात.

प्रश्न असा, की प्लेट्स समोर आहेत, दूध किती अंशांना आत शिरते तेही ठाऊक आहे. पण ते किती अंशांना बाहेर पडेल? पुस्तकातली नेहमीची लॉगवाली रीत दोन्ही टोकांना तापमानाचा फरक किती, हे विचारते. एका टोकाला एकाचे बाहेर पडतानाचे तापमान लागते, दुसऱ्या टोकाला दुसऱ्याचे. म्हणजे उत्तर माहीत असेल तरच गणित सुरू होते! नाहीतर अंदाज धरा, तपासा, पुन्हा धरा. इथे तर दोन्ही बाजूंना तेच आणि तेवढेच दूध असल्याने दोन्ही टोकांचा फरक सारखाच राहतो आणि ते सूत्र शून्य भागिले शून्यावर अडते.

परिणामकारकता आणि एनटीयूची पद्धत प्रश्नच बदलते. थंड दूध फार तर ७२ अंशांपर्यंत चढेल, म्हणजे कमाल वाढ ६८ अंशांची. त्यातला किती वाटा प्रत्यक्षात पदरात पडतो, ती परिणामकारकता. एनटीयू म्हणजे प्लेट्सची उष्णता ओलांडू देण्याची ताकद भागिले दुधाची उष्णता वाहून नेण्याची ताकद. स्टॅनफर्डच्या केज आणि लंडन यांच्या १९५५च्या पुस्तकाने ही पद्धत रूढ केली.

समजा, ताशी ५,००० लिटर दूध आहे. ते एक अंशाने तापवायला साधारण ५.६ किलोवॉट लागतात. प्लेट्स २० चौरस मीटर, आणि दर चौरस मीटरमागे, एक अंश फरकाला, २.५ किलोवॉट पलीकडे जातात. म्हणजे एकूण ५०. भागाकार सुमारे ९. दोन्ही प्रवाह समान आणि उलट दिशेने असले, की सूत्र अगदी सोपे होते:

ε = NTU / (1 + NTU)

९ भागिले १०, म्हणजे ९० टक्के. दूध ६५ अंशांना बाहेर येणार; वाफेने चढवायचे उरले ७ अंश. (दोन्ही प्रवाह एकाच दिशेने सोडले असते, तर कितीही प्लेट्स लावून ५० टक्क्यांच्या पुढे जाता आले नसते.)

मालकाने ९५ टक्के मागितले तर? एनटीयू १९ हवा, म्हणजे ४२ चौरस मीटर. पाच टक्क्यांसाठी दुपटीहून जास्त प्लेट्स! पंपावरचा भार वाढतो तो वेगळाच.

आता प्लेट्सवर दुधाचा थर बसला आणि उष्णता जाण्याचा वेग पाव हिश्श्याने घटला असे धरा. परिणामकारकता ९० वरून ८७ वर येते, दूध ६३ अंशांवर थांबते. दोन अंशच कमी. पण वाफेचे काम ७ वरून ९ अंशांवर जाते, जवळजवळ तीस टक्के जास्त. शेवटचा काटा मात्र ७२ च दाखवतो, कारण वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप जास्त उघडतो. म्हणून अनुभवी ऑपरेटर रिजनरेशनमधून बाहेर पडणाऱ्या दुधाचे तापमान रोज वहीत टिपून ठेवतो.