ब्रोमीन आपण होऊन जातो, की ढकलला जातो?

कार्बनला चिकटलेला ब्रोमीन काढून त्याच्या जागी दुसरा गट बसवायचा, एवढीच हॅलोअल्केनची प्रतियोजन अभिक्रिया. बारावीच्या पुस्तकात तिचे दोन मार्ग दिलेले असतात, एसएन-१ आणि एसएन-२, आणि विद्यार्थी दोघांच्या फरकांचा तक्ता पाठ करतात. तक्त्यातल्या ओळी मात्र सुट्या नाहीत. त्या सगळ्या एकाच प्रश्नातून निघतात: ब्रोमीन आधी निघून जातो आणि मग नवा गट येतो, की नवा गट येता येता ब्रोमीनला बाहेर ढकलतो?

हा फरक प्रयोगशाळेत डोळ्यांनी दिसतो. १-ब्रोमोब्युटेनमध्ये ब्रोमीन साखळीच्या टोकाच्या कार्बनवर असतो. टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइडमध्ये तो ज्या कार्बनवर असतो, त्याला आणखी तीन मिथाइल गट जोडलेले असतात. दोघांचे थोडे थोडे थेंब सोडियम आयोडाइडच्या ॲसिटोनमधल्या द्रावणात टाकले, तर खोलीच्या तापमानाला काही मिनिटांत १-ब्रोमोब्युटेनच्या नळीत पांढरा अवक्षेप येतो. तो सोडियम ब्रोमाइडचा. सोडियम आयोडाइड ॲसिटोनमध्ये विरघळतं, ब्रोमाइड जवळजवळ नाही, म्हणून सुटलेला ब्रोमाइड आयन लगेच दिसून येतो. टर्शरी ब्युटाइलची नळी स्वच्छच राहते. आता हीच दोन संयुगं सिल्व्हर नायट्रेटच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात टाका. निकाल उलटतो. टर्शरी ब्युटाइलच्या नळीत सिल्व्हर ब्रोमाइडचा फिकट पिवळसर अवक्षेप क्षणात येतो आणि १-ब्रोमोब्युटेन मागे पडतं.

म्हणजे ‘कोणतं हॅलोअल्केन अधिक क्रियाशील?’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. ते मार्गावर ठरतं.

पहिल्या द्रावणात काय चाललंय ते पाहू. आयोडाइड हा न्यूक्लिओफाइल आहे, म्हणजे आपली इलेक्ट्रॉनची जोडी द्यायला तयार असलेला. तो कार्बनकडे ब्रोमीनच्या बरोबर विरुद्ध बाजूने येतो. एका बाजूला नवा बंध जुळत असतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला जुना तुटत असतो. मधे थांबा नाही, सगळं एकाच पायरीत होतं. त्या पायरीत दोन कण गुंतलेले असतात, म्हणून आयोडाइडची संहती दुप्पट केली की वेगही दुप्पट होतो. एसएन-२ मधला ‘२’ हाच. मागून येणाऱ्याला वाट मोकळी हवी, त्यामुळे कार्बनभोवती गर्दी वाढेल तसा हा मार्ग बंद होत जातो. ॲसिटोनमधल्या आयोडाइडशी मिथाइल ब्रोमाइडचा वेग इथाइल ब्रोमाइडच्या कितीतरी पट असतो आणि आयसोप्रोपाइलचा इथाइलच्या मानाने अगदीच कमी.

दुसऱ्या द्रावणात जोरदार न्यूक्लिओफाइल नाहीच. तिथे चांदीचा आयन ब्रोमीनला ओढतो, अल्कोहोल सुटणाऱ्या आयनांना सावरतं आणि ब्रोमीन आपण होऊन निघून जातो. मागे धनप्रभारित कार्बन उरतो, कार्बोकॅटायन. ही पायरी सर्वांत संथ, म्हणून साऱ्या अभिक्रियेचा वेग तीच ठरवते. नवा गट नंतर झटकन जोडला जातो. त्याची संहती वाढवून वेगात फरक पडत नाही, कारण वेग ठरवणाऱ्या पायरीत तो नसतोच. तीन मिथाइल गट आपली इलेक्ट्रॉन घनता थोडी थोडी पुरवून त्या धनप्रभाराला आधार देतात. एसएन-२ मध्ये आड येणारे तेच गट इथे मदतीला येतात, आणि नळ्यांचा निकाल उलटला तो यामुळे.

एसएन-२ मध्ये न्यूक्लिओफाइल मागूनच येतो, हे कुणी पाहिलं? या दोन मार्गांची मांडणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एडवर्ड ह्यूज आणि क्रिस्टोफर इंगोल्ड यांनी १९३० च्या दशकात केली. ह्यूज आणि सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी २-आयोडोऑक्टेनचं एकच, प्रकाश एका बाजूला वळवणारं रूप घेतलं आणि ॲसिटोनमध्ये त्याची किरणोत्सारी आयोडाइडशी अभिक्रिया केली. आयोडीन जातं आणि आयोडीनच येतं, संयुग तेच राहतं. मात्र दोन गोष्टी मोजता येतात: किती रेणूंत किरणोत्सारी आयोडीन शिरलं, आणि प्रकाश वळवण्याची क्षमता किती घटली.

समजा १०० रेणू आहेत, सगळे उजवे. त्यांतल्या १० रेणूंत अदलाबदल झाली. प्रत्येक अदलाबदलीत रेणू उलटत असेल, तर ९० उजवे आणि १० डावे राहतील. हे १० डावे १० उजव्यांचा परिणाम पुसून टाकतील, उरतील ८०. अदलाबदल १० टक्के, पण घट २० टक्के. उलट मधे सपाट कार्बोकॅटायन तयार होऊन आयोडीन दोन्ही बाजूंनी सारखंच जोडलं जात असेल, तर त्या दहांतले ५ उजवे आणि ५ डावे होतील. मग ९५ वजा ५ म्हणजे ९०, आणि घट अदलाबदलीइतकीच, १० टक्के. प्रत्यक्ष मोजमापात घटीचा वेग अदलाबदलीच्या दुप्पट निघाला. म्हणजे प्रत्येक अदलाबदलीत रेणू उलटतो, आणि मागून येण्याचा याहून स्वच्छ पुरावा मागायला जागा नाही.

एसएन-१ मध्ये दोन्ही रूपांचं मिश्रण मिळतं. पुस्तकात ते निम्मं-निम्मं म्हणून लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात उलटलेलं रूप बहुधा थोडं जास्त निघतं, कारण निघालेला हॅलाइड आयन क्षणभर जवळच घुटमळतो आणि त्याची बाजू अडलेली राहते.

परीक्षेत खरी कसोटी दुय्यम हॅलोअल्केनची असते. तिथे रचना एकटी निकाल देत नाही, परिस्थिती वाचावी लागते. २-ब्रोमोब्युटेनचं एक रूप डीएमएसओमध्ये सोडियम सायनाइडबरोबर दिलं असेल, तर सायनाइड जोरदार न्यूक्लिओफाइल आहे आणि डीएमएसओ त्याला हायड्रोजन बंधांनी जखडत नाही. हा एसएन-२, उत्तरात रचना उलटी काढायची. तेच संयुग पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात नुसतं तापवलं असेल, तर न्यूक्लिओफाइल दुबळा आणि द्रावक आयनांना सावरणारा. हा एसएन-१ कडे झुकतो, म्हणून दोन्ही रूपं काढायची. द्रावकाचा हात किती लांब असतो, याचा अंदाज टर्शरी ब्युटाइल क्लोराइडवरून येतो: शुद्ध इथेनॉलपेक्षा पाण्यात त्याचा आयन सुटण्याचा वेग सुमारे तीन लाख पट आहे. निघून जाणारा हॅलोजन कोणता, यावरून मात्र मार्ग ठरवू नका. आयोडाइड सहज जातो, मग ब्रोमाइड, मग क्लोराइड, आणि हा क्रम दोन्ही मार्गांत तोच राहतो.

‘प्राथमिक म्हणजे एसएन-२ वेगवान’ हा नियमही डोळे मिटून लावता येत नाही. निओपेंटाइल ब्रोमाइड प्राथमिकच आहे, पण शेजारच्या कार्बनवर तीन मिथाइल गट बसल्याने मागची वाट अडते आणि अभिक्रिया अतिशय मंद होते. बेंझाइल क्लोराइड प्राथमिक असूनही दोन्ही मार्गांनी चालतं, कारण बेंझीनचं वलय धनप्रभार आपल्यात वाटून घेतं. आणि टर्शरी ब्युटाइल ब्रोमाइड अल्कोहोलमधल्या तीव्र पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर तापवलं, तर प्रतियोजनाचा प्रश्न बाजूलाच पडतो. हायड्रॉक्साइड कार्बनपर्यंत पोहोचत नाही, शेजारचा हायड्रोजन काढून घेतो आणि मुख्य उत्पाद म्हणून आयसोब्युटिलीन वायू निघतो. अशा प्रश्नात अल्कोहोलचं सूत्र लिहिलं, की गुण गेले.