पगारातली कपात, थकलेला इन्सेंटिव्ह आणि एचआरला लिहायचे पत्र

पगारातून न सांगता पैसे कापले गेले, तर एचआरला पत्र लिहिण्याआधी सॅलरी स्लिप नीट वाचावी लागते. पुण्यातल्या एका कंपनीतला विक्री प्रतिनिधी उदाहरणादाखल घेऊ. एकूण पगार ३२,००० रुपये, मूळ पगार १६,०००. पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता हातात ३०,००० यायला हवेत. जून आणि जुलै, दोन्ही महिने खात्यात जमा झाले २७,४५०. स्लिपवर ‘इतर कपात’ या नावाखाली २,५५० रुपये दिसतात. कशाचे, ते कुठेच लिहिलेले नाही.

पहिला संशय बिनपगारी रजेचा येतो. पण स्लिपवर ‘पेड डेज’ जूनमध्ये ३० आणि जुलैत ३१ असतील, तर हजेरीत खाडा धरलेला नाही. शिवाय रजेची कपात दिवसांच्या हिशेबाने बदलते. इथे दोन्ही महिने आकडा तोच आहे. असा ठरावीक आकडा बहुतेक वेळा हप्त्याने होणाऱ्या वसुलीचा असतो: जुनी उचल, चुकून जास्त गेलेला पगार किंवा कंपनीच्या वस्तूच्या नुकसानीची भरपाई. म्हणून पत्रात ‘पगार कमी का आला’ असे मोघम विचारू नये. ही वसुली कशाची, एकूण किती आणि कोणत्या लेखी आदेशाने, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांना ‘सिस्टिममध्ये तसेच आहे’ असे उत्तर देऊन भागत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत कोणत्या कारणांसाठी पगार कापता येतो, ते ठरवून दिले आहे. ‘इतर’ हे काही त्यातले कारण नव्हे. नुकसानभरपाई कापायची तर आधी कर्मचाऱ्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. पत्रात कलमांची जंत्री नको. संहितेचा एका वाक्यात उल्लेख पुरे.

इन्सेंटिव्हचे प्रकरण जास्त नाजूक आहे. कपातीत कारण दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर असते, तर इन्सेंटिव्ह देय आहे हे कर्मचाऱ्याला दाखवून द्यावे लागते. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून कमिशन वगळलेले आहे. त्यामुळे मागणीचा खरा आधार असतो तो योजनेचा लेखी कागद: नेमणूकपत्र, योजनेचा मेल किंवा मंजूर टार्गेट शीट. समजा, योजना अशी आहे: तिमाहीचे टार्गेट २० लाख, त्यावरच्या विक्रीवर ३ टक्के, रक्कम जुलैच्या पगारासोबत. एप्रिल ते जून विक्री झाली २६ लाखांची, म्हणजे इन्सेंटिव्ह १८,००० रुपये. पण योजनेत ‘वसूल झालेली विक्रीच धरली जाईल’ अशी अट असेल आणि एक लाखाची बिले ग्राहकांकडे अडकली असतील, तर आज देय होतात १५,०००च. पत्रात तेवढेच मागावेत आणि उरलेले ३,००० वसुलीनंतर देय असल्याचे नोंदवावे. फुगवलेला एक आकडा सापडला, की त्याच्या आडोशाने सगळी मागणी बाजूला सारली जाते.

कपात पाहतो पगार विभाग, तर इन्सेंटिव्हला मंजुरी देतो विक्रीप्रमुख. म्हणून पत्र एकच असले, तरी दोन मुद्द्यांना वेगळे क्रमांक द्यावेत. नाहीतर एकाचे उत्तर देऊन दुसऱ्यावर मौन पाळले जाते. पत्राचा गाभा साधारण असा राहील:

‘विषय: जून व जुलै महिन्यांतील ५,१०० रुपयांची कपात आणि एप्रिल–जून तिमाहीचा इन्सेंटिव्ह. १) ‘इतर कपात’ या नावाने दरमहा २,५५० रुपये कापले आहेत. कारण, एकूण वसुली आणि संबंधित आदेशाची प्रत कृपया द्यावी. आधार नसल्यास रक्कम पुढील पगारात परत करावी. २) योजनेनुसार १५,००० रुपये देय आहेत, हिशेब सोबत जोडला आहे. मिळालेला पगार स्वीकारला, याचा अर्थ ही कपात मला मान्य आहे असा धरू नये. सात कामकाजी दिवसांत लेखी उत्तर मिळावे, ही विनंती.’

नोकरी चालू असताना ‘फसवणूक’, ‘चोरी’ असे शब्द टाळावेत. वसुलीमागे खरे कारण निघाले, तर ते शब्दच लिहिणाऱ्याच्या अंगाशी येतात. पत्र मेलने पाठवावे, पगार विभागाला आणि वरिष्ठांना प्रत द्यावी. छापील पत्र दिले तर पोच घ्यावी. सॅलरी स्लिप, बँकेचा उतारा आणि योजनेचा कागद यांच्या प्रती घरी असाव्यात, कारण ऑफिसचा मेल कधीही बंद होऊ शकतो. मात्र ग्राहकांच्या याद्या वैयक्तिक मेलवर पाठवू नयेत. त्यावरून उलट शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

मुदतीत उत्तर आले नाही, तर त्याच मेलखाली स्मरणपत्र पाठवावे. त्यानंतरही कपातीचा खुलासा झाला नाही, तर संहितेखालच्या प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. चौकशीसाठी कामगार आयुक्तांचे कार्यालय गाठावे आणि सोबत मूळ पत्र, पोच, स्मरणपत्र आणि दोन्ही महिन्यांच्या स्लिपा न्याव्यात.