'काहीतरी मजेदार द्या'

वाचनालयाच्या टेबलाशी बसलं की हे वाक्य रोज कानी पडतं. पूर्वी मी लगेच पु. लं.चं 'बटाट्याची चाळ' पुढे करायचो. निम्मी मंडळी म्हणायची, "हे वाचलंय हो!"

'मजेदार' म्हणजे विनोदीच, असं नसतं. कुणाला खिळवून ठेवणारं हवं असतं, कुणाला फक्त हलकंफुलकं. म्हणून आता 'कोणता प्रकार आवडतो?' असं विचारतच नाही. त्यावर 'काहीही चालेल' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारतो, "अलीकडे काय संपवलंत, आणि त्यातलं काय लक्षात राहिलं?"

परवा एक काकू आल्या. म्हणाल्या, शिरवळकरांची 'दुनियादारी' संपवली. का? "ती कट्ट्यावरची पोरं अगदी डोळ्यांसमोर उभी राहिली." म्हणजे ओढ कथानकाची नव्हे, माणसांची. दुसरा प्रश्न: "अर्ध्यावर काय सोडलंत?" धारपांचं एक. रात्री झोप लागेना! नावडतीचं उत्तर माणसं चटकन देतात आणि अर्धं कपाट तिथेच बाद होतं. तिसरा: "वाचता कधी?" दुपारी, जेमतेम वीस मिनिटं. मग कादंबरीही बाद.

'व्यक्ती आणि वल्ली' काढून दिलं. एका बैठकीला एक माणूस. सोबत मिरासदारांच्या कथा, अंदाज चुकला तर असाव्यात म्हणून. दोनच पुस्तकं. पाच समोर ठेवली की माणूस पुन्हा म्हणतो, "तुम्हीच सांगा."