अमेरिकेला निघताय? आधी चार्जर उलटा करून बघा

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत हल्ली ‘युनिव्हर्सल अ‍ॅडॉप्टर’ हमखास असतो. तो घेतला की विजेची काळजी मिटली, असं दुकानदारही सांगतो. पण अ‍ॅडॉप्टर बदलतो तो फक्त पिनेचा आकार. आपल्या गोल पिना एका बाजूने आत जातात आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकेतल्या चपट्या पिना बाहेर येतात, एवढंच. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात, तिथे १२०, जपानात तर १००. अ‍ॅडॉप्टरमधून तेवढेच व्होल्ट पुढे जातात.

मग आपला चार्जर तिथे चालेल का? याचं उत्तर चार्जरवरच छापलेलं असतं. पिनांच्या बाजूला करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा लावूनही दिसलं नाही तर फोनने फोटो काढून मोठा करून बघा. ‘इनपुट’च्या ओळीत १००-२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्‌झ असं असेल, तर तो जवळपास कुठल्याही देशात चालतो. फोनच्या बहुतेक चार्जरवर हेच असतं. आत आलेली वीज चार्जर आधी डीसी करतो. २३० व्होल्टवर ती सुमारे ३२५ व्होल्ट भरते, १२० वर सुमारे १७०. मग एक इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून फोनला हवे तेवढेच व्होल्ट पुढे सोडले जातात. आत कमी आले तर स्विच जास्त वेळ चालू राहतो. फोनला फरक कळतही नाही.

फास्ट चार्जरच्या बाबतीत मात्र एक मेख आहे. ८० वॉटचा चार्जर घ्या. तो पूर्ण जोराने चालताना उष्णतेत वाया जाणारी वीज धरून भिंतीतून ९० वॉटच्या आसपास खेचतो. २३० व्होल्टवर त्यासाठी साधारण ०.४ अँपिअर करंट लागतो, १२० व्होल्टवर ०.७५, म्हणजे जवळजवळ दुप्पट. करंट वाढला की तापणं वाढतं आणि आतले भागही मोठे लागतात. लहान डबीत ते बसवणं अवघड, म्हणून काही कंपन्या कमी व्होल्टेजवर वॉट मर्यादित ठेवतात. २०२२ मध्ये वनप्लस १० प्रो हा फोन आपल्याकडे ८० वॉटने चार्ज व्हायचा, उत्तर अमेरिकेत ६५ वॉटनेच. कंपनीने कारण दिलं ते तिथल्या ११०-१२० व्होल्टचंच. काही चार्जरवर दोन व्होल्टेजसाठी ‘आउटपुट’चे दोन वेगळे आकडे छापलेले असतात. तेव्हा तिथे फोन सावकाश भरला तर आधी ती ओळ वाचा, मग बॅटरीला दोष द्या. लेबलवर इनपुट नुसतं २००-२४० असेल, तर तो चार्जर घरीच ठेवावा.

पाणी तापवायची किटली आणि हेअर ड्रायर यांच्यात चार्जरसारखा इलेक्ट्रॉनिक स्विच नसतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपली १००० वॉटची किटली १२० व्होल्टवर जेमतेम २७० वॉट देईल. चहाचं पाणी उकळायची वाट बघत बसाल. ती नेऊच नका.

आता पिनांकडे. अमेरिकेतल्या सॉकेटची एक फट दुसरीपेक्षा रुंद असते आणि जमिनीशी जोडलेल्या तारेसाठी खाली तिसरं भोक असतं. जपानात बऱ्याच ठिकाणी दोनच फटी असतात, तिथे अमेरिकेचा तीन पिनांचा अ‍ॅडॉप्टर बसत नाही. वाटेत जपानात थांबणार असाल तर साध्या दोन चपट्या, सारख्या पिनांचा घ्या. आणि जुन्या, सैल सॉकेटमध्ये अ‍ॅडॉप्टर, त्यात जड फास्ट चार्जर, अशी मनोऱ्यासारखी रचना स्वतःच्याच वजनाने खाली ओढली जाते. पिना अर्धवट टेकल्या की बारीक चरचर ऐकू येते, प्लास्टिक पिनांपाशी गरम होतं, जळका वास येतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर लगेच काढा आणि जागा बदला. मुक्काम महिन्यांचा असेल तर तिथलाच चपट्या पिनांचा, यूएसबी पीडी चार्जर विकत घेणं मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. फक्त आपला फोन पीडीवर किती वॉट घेतो ते आधी बघा, कारण काही कंपन्यांचा पूर्ण वेग त्यांच्याच चार्जर आणि केबलवर मिळतो.

खरा धोका परतीच्या सामानात आहे. तिथली एक्स्टेन्शन पट्टी छान दिसते, म्हणून अनेक जण घेऊन येतात. तिच्यावर १२५ व्होल्ट छापलेलं असतं. अनेकदा तिच्यात सर्ज रोखणारा भागही असतो, तो १२० व्होल्टचा हिशेब धरून बसवलेला. आपल्या २३० व्होल्टला तो चढलेलं व्होल्टेज समजतो, करंट स्वतःकडे ओढून घेतो आणि जळतो, कधी ठिणग्या उडवत. अ‍ॅडॉप्टर लावून ती पट्टी आपल्या भिंतीत अजिबात खुपसू नका. घरात कुणी आणून ठेवली असेल, तर आजच बाजूला काढा.