माल नाकारण्याचे पत्र

भोसरी-चिंचवडच्या गाळ्यांत बनलेले सुटे भाग रोज टेम्पोने चाकणच्या कारखान्यांत पोहोचतात. गेटवर नोंद होते, स्टोअरमध्ये नग मोजले जातात, जीआरएन म्हणजे माल पोचल्याची नोंद निघते आणि मग लॉट 'इनकमिंग'च्या टेबलावर जातो. बहुतेक लॉट तिथून निमूटपणे पुढे सरकतात. एखादा अडकतो आणि पुरवठादाराला, कारखान्याच्या भाषेत व्हेंडरला, पत्र जाते: 'साइज आउट आहे. लॉट रिजेक्ट. कॅपा ताबडतोब पाठवा.' कॅपा म्हणजे दोष का आला आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून काय केले, याचा अहवाल. दोन दिवसांत त्याचेही उत्तर येते: 'ऑपरेटरला समज दिली आहे. यापुढे काळजी घेऊ.' दोन्ही कागद फायलीत बसतात आणि दोन-तीन महिन्यांत तोच दोष पुन्हा टेबलावर येतो.

उत्तर पोकळ येण्याचे एक कारण पत्रातच असते. विचारताना माहिती दिली नाही, तर सांगणाऱ्याला शोधायला धागा मिळत नाही. हे एका लॉटच्या उदाहरणाने पाहू.

समजा, दुचाकीच्या गिअर लिव्हरसाठी पोलादी बुश आले आहेत, १,२०० नग. बुशच्या भोकाचा व्यास ड्रॉइंगप्रमाणे २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर हवा. म्हणजे सूट फक्त २१ मायक्रॉनची, मिलिमीटरच्या हजारातल्या २१ भागांची. भोक त्याहून मोठे झाले तर पिन सैल बसते आणि लिव्हर खडखडतो.

सगळे १,२०० नग कोणी मोजत नाही. आयएसओ २८५९-१ या मानकाच्या तक्त्यानुसार, नेहमीच्या पातळीच्या तपासणीत एवढ्या लॉटमधून ८० नग काढतात. स्वीकार्य पातळी एक टक्का ठरलेली असेल तर त्या ८०मध्ये दोन सदोष नगांपर्यंत लॉट पास होतो आणि तिसरा सापडला की नापास. तपासणीसाने प्लग गेज घातला. त्याचे एक टोक 'गो', ते भोकात जायलाच हवे. दुसरे 'नो-गो', ते जाताच कामा नये. पाच बुशमध्ये नो-गोही आत गेला. लॉट नापास.

निष्काळजी माणूस इथेच थांबतो आणि 'पाच नग आउट' असे लिहून मोकळा होतो. पण गेज फक्त हो किंवा नाही सांगतो, किती ते सांगत नाही. म्हणून ते ८० बुश बोअर गेजवर मोजून घेतले, तर वेगळेच चित्र दिसले. ७५ नग २०.००७ ते २०.०१४च्या दरम्यान, म्हणजे उत्तम. उरलेले पाच २०.०२४ ते २०.०२८. मधल्या पट्ट्यात एकही नग नाही.

सगळा शोध या रिकाम्या पट्ट्यातून सुरू होतो. मशीन हळूहळू बिघडत गेली असती तर मापे पायरी-पायरीने वर सरकली असती आणि मधल्या पट्ट्यातही नग सापडले असते. दोन वेगळे गट याचा अर्थ मशीनवर कधीतरी अचानक काहीतरी बदलले आणि पुन्हा पूर्वपदावर आले. शिवाय ८०मध्ये पाच म्हणजे १,२००मध्ये अंदाजे ७५. एका बुशला ४८ सेकंद लागत असतील तर ७५ बुश म्हणजे बरोबर एका तासाचे काम. अंदाज नमुन्यावरचा आहे, तो थोडा इकडेतिकडे होणारच. पण 'एखाद्या तासाचा माल' ही खूण व्हेंडरला नेमक्या जागी नेऊ शकते. ती पत्रात गेलीच पाहिजे.

पत्र पाठवण्याआधी दोन कामे असतात. पहिले, माल अडवणे. पेटीला लाल टॅग, कुलूपबंद रिजेक्शन जागेत रवानगी आणि संगणकावरही तो साठा 'होल्ड'. नुसता टॅग लावला आणि संगणकात साठा मोकळा राहिला, तर रात्रपाळीला माल कमी पडल्यावर तीच पेटी लाइनवर जाते. दुसरे, आधीच्या लॉटकडे वळून पाहणे. सहा टक्क्यांहून थोडे जास्त सदोष नग असलेला असा लॉटही या तपासणीतून साधारण दहात एकदा पास होऊन जातो. नमुन्याच्या नशिबात त्या वेळी दोनच खराब नग आलेले असतात. त्यामुळे मागचा लॉट पास झाला होता म्हणून तो चांगलाच होता, असे धरता येत नाही. स्टोअरमधले, लाइनवरचे आणि टेम्पोत असलेले बुशही थांबवावे लागतात.

आता पत्र. ते साधारण असे असावे:

'खालील चलनाचा माल तपासणीत नापास झाल्याने स्वीकारलेला नाही. भाग: गिअर लिव्हर बुश, ड्रॉइंग क्रमांक, आवृत्ती, चलन, जीआरएन व बॅच क्रमांक सोबत. लॉट १,२०० नग, तपासलेले ८०, सदोष ५. अपेक्षित व्यास २०.००० ते २०.०२१ मिमी, सदोष नगांचा व्यास २०.०२४ ते २०.०२८ मिमी. उरलेले ७५ नग २०.००७ ते २०.०१४ मिमी. मोजणी बोअर गेजवर, नियंत्रित २० अंश सेल्सिअसला. गेजचा क्रमांक व कॅलिब्रेशनची मुदत सोबत. पाचही नग खुणा करून राखून ठेवले आहेत, येऊन पाहू शकता. आपल्याकडील व वाटेतील साठा थांबवून २४ तासांत कळवावे. मूळ कारण व कायमचा उपाय यांचा अहवाल १४ दिवसांत द्यावा.'

यात 'निकृष्ट', 'बेजबाबदार' असा एकही शब्द नाही. विशेषण आले की फोनवर वाद सुरू होतो. मोजमाप आले की समोरचा आपली रजिस्टरे काढतो. गेजचा क्रमांक आणि तापमान लिहिण्यामागेही कारण आहे, कारण पहिला फोन ठरलेला असतो: 'साहेब, आमच्या रिपोर्टात सगळं ओके आहे, तुमचा गेज बघा एकदा.' शंका रास्तही असू शकते. तापमान दहा अंशांनी वाढले तर २० मिलिमीटरचे पोलादी भोक दोनेक मायक्रॉनने मोठे होते. पण इथे फरक मर्यादेच्या तीन ते सात मायक्रॉन पलीकडे आहे आणि मोजणी २० अंशांना झाली आहे. तरीही समोरासमोर, दोघांच्या गेजवर तेच पाच नग मोजून घ्यावेत. आपलाच गेज चुकीचा निघाला तर पत्र लेखी मागे घ्यावे.

पत्र वेळेत जाणे ही कायद्याचीही बाब आहे. १९३०च्या माल विक्री कायद्यानुसार खरेदीदाराने वाजवी मुदतीत नकार कळवला नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. नकार कळवल्यावर मात्र, वेगळा करार नसेल तर, माल परत नेऊन देण्याची जबाबदारी खरेदीदारावर राहत नाही. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघू उद्योग असेल तर २००६चा एमएसएमई विकास कायदा लागू होतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असे मानतात आणि पैसे देण्याची मुदत, जी करार असला तरी ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, तेव्हापासून मोजली जाते. फोनवरची तक्रार इथे कामाची नाही.

मग त्या १,२०० बुशचे करायचे काय? भोक लहान असते तर पुन्हा मशीनवर लावून मोठे करता आले असते. मोठे झालेले भोक लहान होत नाही, म्हणून दुरुस्तीचा मार्ग बंद. उरतात दोन पर्याय: सगळा लॉट परत करणे किंवा व्हेंडरच्या माणसांकडून, त्याच्या खर्चाने, एकेक नग गेजने तपासून चांगले वेगळे काढणे. लाइन थांबायची वेळ आली की 'तीन मायक्रॉनच आहे, चालवून घ्या' असा तिसरा आवाज हमखास येतो. ती सवलत देण्याचा अधिकार डिझाइन विभागाचा. त्यांनी लेखी, ठरावीक नगांपुरती मंजुरी दिली तरच. खरेदी विभागाने किंवा स्टोअरने परस्पर नाही.

आता व्हेंडरच्या गाळ्यात काय सापडले ते पाहू. भोकाला शेवटचे माप देणारे हत्यार, म्हणजे इन्सर्ट, झिजत जाते तसे भोक लहान होत जाते. म्हणून ऑपरेटर सीएनसीच्या ऑफसेटमध्ये थोडी थोडी भर घालत राहतो. त्या दिवशी झीज भरून काढण्यासाठी ऑफसेट सुमारे १५ मायक्रॉन वाढवलेला होता. दुपारी नवा इन्सर्ट बसला, पण ऑफसेट शून्यावर आणायचा राहिला. हत्यार नवे आणि भरपाई जुन्याची. भोके एकदम १५ मायक्रॉनने मोठी झाली. तासाभराने ठरलेल्या तपासणीत ऑपरेटरच्या ते लक्षात आले, त्याने ऑफसेट दुरुस्तही केला. पण त्या तासात बनलेले नग आधीच चांगल्या मालाच्या पेटीत मिसळले होते. दोन गट, मधला रिकामा पट्टा आणि तासाचा हिशोब, तिन्हींचा उलगडा झाला.

अहवालात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे हवीत: दोष निर्माण का झाला, आणि झालेला दोष गाळ्याबाहेर कसा पडला? पहिल्याचे उत्तर ऑफसेटमध्ये आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की पहिला नग तपासून मंजूर करण्याची पद्धत फक्त पाळी सुरू होताना होती, इन्सर्ट बदलल्यावर नव्हती. आणि खराब नग सापडल्यावर मागच्या चांगल्या तपासणीपासूनचे सगळे नग बाजूला काढण्याचा नियमच नव्हता. बहुतेक अहवाल पहिल्या प्रश्नावरच थांबतात.

'ऑपरेटरला समज दिली' हे उत्तर नाकारण्याचे कारणही इथेच दिसते. त्या ऑपरेटरच्या जागी दुसरा असता तरी, त्या पद्धतीत, हेच घडू शकले असते. माणूस बदलून दोष जात नसेल तर माणूस हे मूळ कारण नव्हे. खरा उपाय असा: ठरावीक नगांनंतर मशीनने स्वतः थांबून इन्सर्ट बदलायला सांगावे, बदलल्यावर पहिल्या नगाचे माप नोंदवल्याशिवाय काम पुढे जाऊ नये, आणि दोन तपासण्यांमधला माल वेगळ्या ट्रेमध्ये राहावा, तपासणी ठीक निघाली तरच पेटीत जावा. तासाभराचा माल अडवायला एवढे पुरते.

अहवाल आला म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. पुढचे तीन लॉट नेहमीपेक्षा कडक तपासावेत आणि त्या मापांत पुन्हा दुसरा गट दिसतो का ते पाहावे. एकदा गाळ्यात जाऊन, साहेबांना नव्हे तर मशीनवरच्या माणसाला विचारावे, 'इन्सर्ट बदलल्यावर आता काय करता?' त्याने ट्रे आणि नोंदवही दाखवली तर फाइल बंद करावी. त्याने साहेबांकडे पाहिले तर अहवाल परत पाठवावा.