चूळ किती वेळ भरायची?

दम्याच्या मुलाला डॉक्टर एक प्लास्टिकची नळी तोंडात धरायला सांगतात आणि म्हणतात, "जोरात फुंक!" नळीवरचा काटा जिथे थांबतो, तो आकडा म्हणजे पीक फ्लो, म्हणजे श्वास मिनिटाला किती लिटर वेगाने बाहेर पडला ते. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत अशी 13 मुलं होती. त्यांतल्या एकाने साल्ब्युटामॉल ओढल्यावर फुंकर मारली तेव्हा काटा 90 वर थांबला. पुढे दुसऱ्या दिवशी त्यानेच फॉर्मोटेरॉल ओढलं, तेव्हा काटा 220 वर गेला.

हे मूल दोन्हीकडे तेच आहे, हीच क्रॉसओव्हर चाचणीची गंमत आणि ताकद. नेहमीच्या चाचणीत एका गटाला एक औषध, दुसऱ्याला दुसरं. मग एका गटातली मुलं मुळातच धडधाकट निघाली तर तो फरक औषधाच्या नावावर जमा होतो. इथे प्रत्येक मुलाची तुलना त्याच्या स्वतःशीच. 7 मुलांना आधी फॉर्मोटेरॉल आणि मग साल्ब्युटामॉल मिळालं, 6 मुलांना उलट क्रमाने. कोणाच्या वाट्याला कोणता क्रम, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. संख्याशास्त्रज्ञ स्टीफन सेन यांनी आपल्या पुस्तकात हीच आकडेवारी उदाहरण म्हणून घेतल्यामुळे ती या क्षेत्रातल्या सगळ्यांच्या ओळखीची झाली आहे.

आता हिशेब. घाईत असलेला माणूस प्रत्येक मुलाच्या दोन आकड्यांतला फरक काढतो आणि 13 फरकांची सरासरी घेतो. उत्तर येतं 45.4 लिटर, फॉर्मोटेरॉलच्या बाजूने. पण दोन गट वेगळे करून पाहिलं की नवल दिसतं. फॉर्मोटेरॉल आधी घेणाऱ्या मुलांमध्ये त्याचा फायदा सरासरी 30.7 आहे, नंतर घेणाऱ्यांमध्ये 62.5. औषधं तीच, मग फायदा दुप्पट कसा?

कारण दुसरा दिवसच पहिल्यापेक्षा थोडा बरा गेला असावा. हवा बदलली असेल, परागकण कमी झाले असतील, किंवा मुलांना नळीत नीट फुंकायची सवय झाली असेल. याला पीरियड इफेक्ट म्हणतात. जे औषध दुसऱ्या दिवशी आलं, त्याला हा फायदा फुकटात मिळाला. तो वेगळा काढायला 30.7 आणि 62.5 यांची सरासरी घ्यायची: 46.6. हा औषधांमधला फरक. दोघांतल्या अंतराचा निम्मा भाग 15.9, हा दुसऱ्या दिवसाचा फायदा. 46.6 मधून 15.9 वजा केले की 30.7, मिळवले की 62.5, हिशेब चोख जुळतो. दोन्ही गटांत सारखी मुलं असती तर साध्या सरासरीतही हा परिणाम कापला गेला असता. इथे 7 आणि 6 असल्यामुळे थोडा उरला, म्हणून 45.4. फरक किरकोळ दिसतो, पण गळतीमुळे गट 9 आणि 4 असे उरले तर तो किरकोळ राहत नाही. म्हणून पीरियडचा परिणाम हिशेबात धरायचा, तो "सिग्निफिकंट" येवो वा न येवो, आणि तसं आधीच आराखड्यात लिहून ठेवायचं. इथे 46.6 चा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल साधारण 23 ते 70 येतो.

खरी अवघड गोष्ट पुढे आहे. लाडू खाऊन लगेच चहा प्या, चहा फिका लागतो. दोष चहाचा नसतो, तोंडात लाडू शिल्लक असतो. पहिल्या औषधाचा असर दुसऱ्याच्या पाळीत शिल्लक राहणं म्हणजे कॅरीओव्हर, आणि मधे चूळ भरून थांबणं म्हणजे वॉशआउट.

मग कॅरीओव्हर होता की नाही, हे आकड्यांनाच का विचारू नये? 1965 साली ग्रिझल यांनी तशी रीत सुचवली. आधी कॅरीओव्हरची कसोटी घ्यायची. सापडला तर दुसरी पाळी टाकून फक्त पहिल्या पाळीवर निष्कर्ष काढायचा. रीत इतकी सोयीची वाटली की आजही प्रबंधांमध्ये "कॅरीओव्हर आढळला नाही (पी > 0.05)" हे वाक्य माझ्यासमोर येतं, आणि दर वेळी मला ते खोडावंसं वाटतं.

आपल्या 13 मुलांवर ही कसोटी लावून पाहू. प्रत्येक मुलाच्या दोन्ही आकड्यांची बेरीज करायची आणि दोन गटांच्या बेरजांची सरासरी ताडून पाहायची. ती येते 643.6 आणि 629.2. फरक 14.4, अगदी क्षुल्लक. पण या फरकाचा स्टँडर्ड एरर 80 आहे! औषधांच्या तुलनेत तो जेमतेम 11 होता. कारण बेरजा ताडताना पुन्हा वेगवेगळ्या मुलांचीच तुलना होते, आणि एक मूल मुळात 90 फुंकणारं, दुसरं 400 फुंकणारं. कॅरीओव्हरचा इंटरव्हल उणे 160 पासून अधिक 190 पर्यंत पसरतो. औषधांच्या फरकात यातली निम्मी चूक शिरते, म्हणजे 46.6 पूर्ण गिळून टाकील एवढा कॅरीओव्हरही या कसोटीला दिसला नसता. ती आंधळी आहे. तिला काही दिसलं नाही, याला पुरावा म्हणता येत नाही.

आणि "दिसला" तर आणखी वाईट. पहिल्या पाळीत योगायोगाने एका गटात बरी मुलं आली की बेरजाही फुगतात आणि पहिल्या पाळीतला फरकही. म्हणजे कसोटी नेमकी तेव्हाच आपल्याला पहिल्या पाळीकडे ढकलते, जेव्हा ती पाळी फसवी असते. 1989 साली फ्रीमन यांनी दाखवून दिलं की या दोन टप्प्यांच्या रीतीत चुकीच्या निष्कर्षाची शक्यता ठरवलेल्या 5 टक्क्यांवर राहतच नाही, वाढते.

तेव्हा कॅरीओव्हरचा बंदोबस्त चाचणीच्या आधी करायचा, आणि अहवालात वॉशआउट का पुरेसा आहे हे पटवून द्यायचं. "पुरेसा वॉशआउट दिला" हे पटवणं नव्हे. प्रचलित नियम पाच हाफ-लाइफचा: औषध दर हाफ-लाइफला निम्मं होतं, पाच वेळा निम्मं झाल्यावर सुमारे 3 टक्के उरतं. पण रक्तातलं औषध आणि शरीरावरचा असर एक नव्हेत. ॲस्पिरिन रक्तातून मिनिटांच्या हिशेबात जातं, हाफ-लाइफ 15 ते 20 मिनिटं. तरी त्याने निकामी केलेल्या प्लेटलेट निकामीच राहतात आणि नव्या यायला 7 ते 10 दिवस लागतात. तिथे पाच हाफ-लाइफ म्हणजे दीड तास थांबून कोणी क्रॉसओव्हर केला, तर तो फुकट गेला.

आपल्या चाचणीत मधे किमान एक दिवस होता. त्याचं समर्थन मी असं लिहीन: "फॉर्मोटेरॉलचा श्वासनलिका मोकळ्या करण्याचा असर सुमारे 12 तास टिकतो, किमान वॉशआउट त्याच्या दुप्पट आहे. रक्तातील हाफ-लाइफ सुमारे 10 तास धरल्यास एका दिवसानंतर पाचव्या हिश्श्याहून थोडं कमी औषध उरू शकतं, म्हणजे पाच हाफ-लाइफचा निकष किमान अंतराने पूर्ण होत नाही. असर उरलाच, तर जास्त काळ टिकणाऱ्या फॉर्मोटेरॉलचा उरेल. त्याने साल्ब्युटामॉलचे आकडे वाढतील आणि औषधांमधला फरक खरा आहे त्यापेक्षा कमी दिसेल." शेवटचं वाक्य मला सर्वांत मोलाचं वाटतं. चूक झालीच असेल तर कोणत्या दिशेने, हे वाचकाला कळलं की 46.6 या आकड्यावर किती भिस्त ठेवायची हे तो स्वतः ठरवू शकतो.

याच्या जोडीला प्रत्येक मुलाला प्रत्यक्षात किती तासांचं अंतर मिळालं, हेही कोष्टकात द्यावं. दुसरं औषध देण्याआधीची फुंकर घेतली असेल तर तीही, क्रमानुसार वेगळी. जेनेरिक गोळ्यांच्या बायोइक्विव्हॅलन्स चाचण्यांत असंच करतात: दुसरी गोळी देण्याआधी रक्त घेतात, आणि त्यात आधीचं औषध कमाल पातळीच्या 5 टक्क्यांहून जास्त सापडलं तर त्या माणसाची ती पाळी हिशेबातून काढतात. दम्याच्या फुंकरीत इतकी स्वच्छ रेघ मारता येत नाही. तिथे औषधाआधीचा आकडा पहिल्या दिवसापेक्षा चढा दिसला, तर तो उरलेल्या औषधामुळे की बऱ्या हवेमुळे, हे एका मुलापुरतं सांगताच येत नाही. दोन्ही क्रमांच्या मुलांत तो सारखाच चढला असेल तर हवा, फॉर्मोटेरॉल आधी घेतलेल्यांतच चढला असेल तर संशय वॉशआउटवर.