गल्ल्यातले नव्वद रुपये

संगणकावरची हिशेबाची शीट जन्माला आली ती दुकानाच्या रोजमेळासाठी नव्हे. 1978 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने पाहिलं, की फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात. हे पुसणं-लिहिणं यंत्राने आपोआप करावं, या कल्पनेतून त्याने बॉब फ्रँकस्टनच्या साथीने ‘व्हिसीकॅल्क’ बनवलं आणि 1979 मध्ये ते ॲपल-टू संगणकावर विक्रीला आलं. एक्सेल आणि गूगल शीट्स ही त्याच घराण्यातली. या घराण्याचा स्वभाव असा, की एक आकडा हलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे हलतात. ‘भाव दोन रुपयांनी वाढवला तर किती सुटेल?’ अशा प्रश्नांना हा स्वभाव फार उपयोगी पडतो. रोजमेळाचा प्रश्न वेगळा असतो. आज काय झालं ते लिहायचं आणि उद्या ते हलता कामा नये. शीटवर दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला या स्वभावाला थोडा लगाम घालावा लागतो.

रोजमेळाचं गणित जुनंच आहे. सकाळची शिल्लक, त्यात दिवसभरात आलेली रोकड मिळवायची, गेलेली रोकड वजा करायची आणि आलेली रक्कम संध्याकाळी मोजलेल्या गल्ल्याशी ताडून पाहायची. पण बहुतेक लहान दुकानांत याची एक सोपी आवृत्ती चालते. तिथे गल्ला मोजतात, दिवसाचा खर्च त्यात मिळवतात, सकाळची शिल्लक वजा करतात आणि जे उरेल त्याला ‘आजची विक्री’ म्हणतात. हे शीटमध्ये भरलं की फरकाचा रकाना रोज शून्य दाखवतो आणि मालक खूश असतो. मात्र विक्रीचा आकडा गल्ल्यातूनच काढलेला असल्यामुळे तो गल्ल्याशी जुळणारच. कोणी दोनशे रुपये काढून घेतले तर शीट म्हणेल, आज विक्री दोनशेने कमी झाली. ताळा लागायचा असेल तर दोन आकडे दोन वेगळ्या वाटांनी यायला हवेत, एक बिलांवरून आणि दुसरा नोटा मोजून. बिलं फाडत नसाल तर निदान काउंटरवरच्या वहीत प्रत्येक विक्री टिपून ठेवायला हवी. तेवढंही होत नसेल तर साधी वही आणि शीट यांत काही फरक नाही.

मांडणी साधी ठेवावी. दर दिवसाला नवं पान उघडण्याचा मोह होतो, पण मग महिन्याची बेरीज काढताना तीस पानं चाळावी लागतात. एकच लांब यादी बरी, एका व्यवहाराला एक ओळ. ‘अ’पासून नव्हे, यंत्राच्या भाषेत A पासून धरलं तर A मध्ये तारीख, B मध्ये तपशील, C मध्ये प्रकार, D मध्ये माध्यम (रोख, यूपीआय किंवा उधार), E मध्ये जमा आणि F मध्ये नावे. बाजूला H1 मध्ये आजची तारीख आणि H2 मध्ये सकाळची शिल्लक. गल्ल्यात किती असायला हवं ते असं निघतं:

```
=H2+SUMIFS(E:E,A:A,H1,D:D,"रोख")-SUMIFS(F:F,A:A,H1,D:D,"रोख")
```

माध्यम हाताने टाइप करू देऊ नये, निवडयादीच लावावी. कोणी ‘रोख’च्या पुढे चुकून एक मोकळी जागा सोडली तर डोळ्यांना ते सारखंच दिसतं, सूत्राला मात्र तो वेगळा शब्द वाटतो आणि ती ओळ बेरजेतून गळते.

एका किराणा दुकानाचा दिवस धरू. सकाळची शिल्लक 2,000, रोख विक्री 9,870, जुन्या उधारीपैकी रोख वसुली 1,500. एकूण 13,370. गेले ते असे: दूधवाल्याला 3,200, हमाली 150, चहा 60, घरखर्चाची उचल 1,000 आणि बँकेत भरणा 3,000, मिळून 7,410. म्हणजे गल्ल्यात 5,960 हवेत. नोटा आणि चिल्लर मोजली तर निघाले 5,870. नव्वद कमी.

इथे अनुभवी मुनीम आधी आकड्याकडे पाहतो, माणसांकडे नंतर. फरक गोल असेल, पाचशे किंवा हजार, तर बहुधा घरात दिलेली उचल लिहायची राहिलेली असते. फरक एखाद्या बिलाएवढाच असेल तर ते यूपीआयचं बिल ‘रोख’मध्ये पडलं आहे का ते पाहावं. आणि फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यावा, कारण अशा अदलाबदलीने होणारा फरक नेहमी नऊच्या पटीत असतो. नव्वदला नऊने भाग जातो. बिलं चाळली, तर 450 चं एक बिल शीटमध्ये 540 म्हणून चढलेलं सापडलं. खरी रोख विक्री 9,780 आणि गल्ला बरोबर. काउंटरवरच्या पोराला विनाकारण बोलणी बसली नाहीत.

आणखी एक चूक जास्त लबाड असते. आपल्याकडे रक्कम लिहायची ती ‘450/-’ अशी, हाताला तीच सवय. शीटला तो आकडा वाटत नाही, अक्षरं वाटतात. ती तक्रारही करत नाही, बेरीज करताना तेवढी ओळ गुपचूप वगळते. खूण एकच, आकडे आपोआप उजवीकडे सरकतात आणि हा मात्र डावीकडे चिकटून बसतो. तारखेचंही तसंच. शीटची मांडणी अमेरिकी असेल तर 03/04 म्हणजे तीन एप्रिल न होता चार मार्च होतो, आणि 13/04 ला तेरावा महिनाच नसल्यामुळे ती नुसती अक्षरं उरतात. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये देश भारत निवडावा आणि कोपऱ्यात हे सूत्र ठेवावं:

```
=COUNTA(E2:F5000)-COUNT(E2:F5000)
```

भरलेल्या घरांतून आकड्यांची घरं वजा केली की शून्य यायला हवं. एक आला तर कुठे तरी एक ‘/-’ लपलेलं आहे.

आता लगामाबद्दल. H2 मधली सकाळची शिल्लक सूत्राने आदल्या दिवसाशी जोडू नये, हाताने लिहावी, आणि लिहायची ती काल रात्री प्रत्यक्ष मोजलेली रक्कम. हिशेबाने निघालेली रक्कम पुढे ओढली तर कालचे नव्वद आजच्या फरकात मिसळतात आणि आठवड्याने कोणता फरक कोणत्या दिवसाचा हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय सूत्राने जोडलेलं असेल तर मागच्या मंगळवारची एक ओळ बदलली की आजपर्यंतची सगळी शिल्लक आवाज न करता बदलते. कीर्दीची वही बांधीव असायची, तिच्यातलं पान फाडलं तर दिसायचं. शीटमध्ये ओळ पुसली की मागे खूण राहत नाही.

सामायिक शीटचा खरा फायदा मला इथे वाटतो. लोक तिला डोक्यावर घेतात ते मालकाला गावाहून फोनवर विक्री पाहता येते म्हणून. पण गूगल शीट्समध्ये जुन्या आवृत्त्यांचा इतिहास राहतो आणि कोणत्या खात्यातून काय बदललं ते उघडून पाहता येतं. अट इतकीच, की प्रत्येकाने आपापल्या खात्यातून लिहावं. दुकानातल्या एकाच फोनवरून सगळ्यांनी नोंदी केल्या तर त्या इतिहासात एकच नाव दिसेल. मागच्या तारखांच्या ओळी मालकाने संरक्षित करून ठेवाव्यात, नोकराला फक्त पुढे लिहिता यावं. रात्री उशिरा जुनी चूक सापडली तर ती ओळ दुरुस्त न करता आजच्या तारखेला उलट नोंद टाकावी, तपशिलात मूळ तारखेसह आणि माध्यमाचं घर मोकळं ठेवून, नाहीतर ती आजच्या गल्ल्याच्या हिशेबात मिसळते.

यूपीआयचा ताळा मात्र गल्ल्याशी लागत नाही, तो बँकेच्या उताऱ्याशी लावावा लागतो. क्यूआर देणाऱ्या काही कंपन्या दिवसाची जमा दुसऱ्या दिवशी एकरकमी खात्यात टाकतात, त्यामुळे शनिवारची विक्री शनिवारच्या उताऱ्यात शोधणारा माणूस उगाच घाबरतो. यूपीआयच्या जमेची तारीख वेगळ्या रकान्यात लिहिली की ही भीती जाते.

मालाचा साठा या शीटवर चढवू नये. शेंगदाणे किती उरले हे दर विक्रीला लिहायला काउंटरवर कोणाला सवड नसते, आणि आठ दिवसांत ते रकाने खोटे पडतात. साठ्यासाठी महिन्यातून एकदा दुकान बंद झाल्यावर पोती मोजावीत आणि तो कागद वेगळा ठेवावा.